१७-४३ च्या जोडीवर पैसे लावण्याआधी

प्रश्न: "दादा, मी म्हापशाचा. एका मोठ्या शेअरचा २०१० ते २०२४ चा रोजचा डेटा घेऊन मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच्या सगळ्या जोड्या तपासल्या. १७ आणि ४३ दिवसांची जोडी सर्वांत भारी निघाली, वर्षाला ३८ टक्के. कोड सोबत दिलाय. पैसे लावू का?"

तूर्त एक रुपयाही लावू नकोस. तुझा कोड वाचला. ज्या दिवशी सिग्नल मिळतो, त्याच दिवसाचा परतावा तो तुझ्या पदरात टाकतोय.

एक सौदा घेऊन बघ, आकडे समजण्यापुरते. सोमवारी शेअर ५०० वर बंद झाला. मंगळवारी ५२० वर बंद झाला आणि त्या उडीमुळेच १७ ची सरासरी ४३ च्या वर गेली. म्हणजे क्रॉसओव्हर झाल्याचं तुला मंगळवारी साडेतीननंतर कळलं. पण तुझ्या कोडने ५०० ते ५२० हे ४ टक्केही जमा करून घेतले. प्रत्यक्षात तू बुधवारी सकाळी, समजा ५२३ ला घेतला असतास. विकतानाही तेच होतं: ज्या पडझडीने सरासरी खाली आली, ती पडझड तुझ्या कोडला लागतच नाही. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होत नाही. ती बहुतेक वेळा तुझ्याच फायद्याची होते, म्हणून सौद्यागणिक साचत जाते.

बहुतेक जण यावर `shift(1)` लावतात आणि निवांत होतात. क्लोज ते क्लोज परताव्यावर `shift(1)` लावलं, तर मंगळवारच्याच क्लोजला खरेदी झाली असं धरलं जातं. पण तुझ्या डेटातल्या वर्षांत एनएसईचा क्लोज म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी. बाजार बंद होईपर्यंत तो आकडा ठरतच नाही, मग त्या भावाला घेणार कसा? दुसऱ्या दिवशीच्या ओपनला सौदा धरायचा असेल तर असं लिही:

```python
sig = (sma17 > sma43).astype(int)
ret = df['open'].pct_change()
strat = sig.shift(2) * ret
```

सिग्नल मंगळवारचा, खरेदी बुधवारच्या ओपनला, आणि पहिला परतावा बुधवारच्या ओपनपासून गुरुवारच्या ओपनपर्यंतचा. तो गुरुवारच्या ओळीत पडतो, म्हणून २.

हे मला फोंड्यात घरी बसून कळलं, तेही पैसे गेल्यावर. कोडमधून सौद्यांची यादी छापली, स्क्रीनवर चार्ट उघडला, उजवी बाजू पुठ्ठ्याने झाकली आणि एकेक कँडल पुढे सरकवत गेलो. तिसऱ्याच सौद्यात दिसलं की यादीतली खरेदी पुठ्ठ्याआडच्या कँडलवर अवलंबून आहे. तूही दहा सौदे असेच हाताने तपास. शिवाय डेटा ३१ डिसेंबर २०१८ ला कापून कोड पुन्हा चालव. त्याआधीच्या तारखांचा एकही सिग्नल बदलला, तर कुठेतरी भविष्य डोकावतंय. तुझी चूक मात्र या कापण्याने सापडणार नाही, कारण सिग्नल बरोबरच आहे, परतावा चुकीच्या दिवसाला जोडलाय. ती पुठ्ठ्यानेच सापडते.

आता १७-४३ कडे येऊ. जलद सरासरी ५ ते ३०, संथ ३१ ते १०० असं तू धरलंस, म्हणजे २६ गुणिले ७० अशा १,८२० जोड्या. एवढ्यांतून पहिली येणारी जोडी नुसत्या योगायोगानेही देखणी दिसते. किती देखणी, ते मोजता येतं. रोजच्या टक्केवारीतल्या बदलांचा क्रम पत्त्यांसारखा पिसून त्यांतून नवा भाव तयार कर. सुरुवातीचा आणि शेवटचा भाव तोच राहतो, पण ट्रेंड मोडतो. (पिसलेल्या आणि खऱ्या, दोन्ही डेटांसाठी ही तुलना फक्त क्लोजवर आणि त्याच `shift` ने कर.) त्यावर सगळ्या १,८२० जोड्या पुन्हा चालव आणि सर्वोत्तम निकाल लिहून ठेव. हे किमान २०० वेळा कर. तुझा खरा सर्वोत्तम निकाल या २०० च्या घोळक्यातच बसत असेल, तर १७-४३ मध्ये काही सापडलेलं नाही.

शेजारीही बघ. १६-४३, १७-४५, १९-४० यांचा निकाल थोडाफार सारखा असेल तर बरं. १७-४३ एकटीच उंच आणि बाजूला खड्डा असेल, तर ती जोडी सोड. मी सपाट पठाराच्या मधली जोडी घेतो, आकडा कमी असला तरी.

खर्चही धर. डिलिव्हरीवर एसटीटीच घेताना ०.१ आणि विकताना ०.१ टक्का जातो. त्यावर ब्रोकरेज आणि भावातली घसर.

राहिला वेगळा ठेवलेला डेटा. २०१९ पर्यंत निवड, २०२० पासून तपासणी अशी फाळणी तू करशील, पण मार्च २०२० ची पडझड तुला आधीच ठाऊक आहे. ट्रेंडवर चालणारी पद्धत निवडण्यामागे तीच आठवण असेल, तर तो डेटा कोरा राहिलेला नाही. त्यामुळे तो भाग एकदाच चालव, आणि निकाल आवडला नाही म्हणून जोडी बदलून पुन्हा चालवलास, तर तोही निवडीचाच भाग झाला असं धर. त्यानंतर खरा कोरा डेटा म्हणजे उद्यापासूनचा. सहा महिने रोज संध्याकाळी सिग्नल वहीत लिही, दुसऱ्या दिवशीचा ओपन त्याच्या पुढे लिही, आणि ती वही मला दाखव.