गोदामातला पहिला आठवडा

तुझा पहिला आठवडा ऐन उन्हाळ्यात आहे, म्हणून सांगतो. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सुपरवायझरला सांगून पहिल्या दिवशी उकाड्यातलं काम पाळीच्या पाचव्या भागाइतकंच घे, मग रोज तेवढंच वाढव. उकाड्याने जे कोसळतात, ते बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच कोसळतात.

तहानेची वाट बघू नकोस. दर 15-20 मिनिटांनी एक पेला पाणी पी, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. पाण्याचा पिंप लांब असेल तर जवळ मागून घे. लांबचं पाणी कोणी पीत नाही. विश्रांती सावलीत, पंख्याखाली घे. ट्रकच्या तापलेल्या डब्यात बसणं म्हणजे विश्रांती नव्हे.

उचलण्याची 23 किलोची मर्यादा तू ऐकली असशील. ती खोकं अंगालगत, कमरेच्या उंचीवर असेल तेव्हाची. तेच पॅलेटच्या पलीकडच्या कडेला, अर्धा मीटर लांब असलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा किलो. म्हणजे 18 किलोचं खोकं तिथून वाकून ओढायचं नाही. पॅलेटला वळसा घालून जवळ जा.

उकाड्यात सोबती असंबद्ध बोलू लागला तर लगेच अँब्युलन्स बोलाव आणि ती येईपर्यंत त्याच्या अंगावर गार पाणी ओत.