कोविडनंतरचा दम : स्पायरोमेट्री नॉर्मल आल्यानंतर

प्रश्न : वडील 58 वर्षांचे आहेत. कोविडमध्ये बारा दिवस ऑक्सिजनवर होते. सात महिने झाले, तरी एक जिना चढला की दम लागतो. स्पायरोमेट्री नॉर्मल आहे. आता नुसते चालत राहायचे का?

उत्तर : चालायचे आहेच, पण किती आणि कसे, हे मोजून ठरवायला हवे. स्पायरोमेट्रीत हवा किती व किती वेगाने बाहेर पडते एवढेच कळते. तीव्र कोविडमध्ये इजा बहुधा वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधल्या पातळ पडद्याला होते, त्यामुळे फुंकर उत्तम असूनही ऑक्सिजन रक्तात पुरेसा उतरत नाही. ते डीएलसीओ या तपासणीत दिसते. मात्र हिमोग्लोबिन कमी असेल तर हा आकडा उगाचच खाली येतो, म्हणून ते आधी तपासून घ्यावे.

डीएलसीओची सोय सगळीकडे नसते. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी मात्र तीस मीटरच्या सरळ व्हरांड्यात होते. तिच्यात नेहमी होणारी चूक म्हणजे रुग्ण खुर्चीत टेकल्यावर ऑक्सिमीटर लावणे. तेवढ्यात आकडा सावरतो आणि खरी घसरण निसटते. बोटाला मेंदी नसावी, हात गार नसावेत, आणि चालतानाचा सर्वांत खालचा आकडा लिहून घ्यावा.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांचे बसल्या जागी सॅच्युरेशन 96 होते. सहा मिनिटांत ते 330 मीटर चालले आणि चौथ्या मिनिटाला आकडा 86 वर आला. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन व इको करून रक्ताची गुठळी आणि हृदयविकार नसल्याची खात्री केली, त्यानंतरच आम्ही व्यायाम आखला. त्यांचा वेग मिनिटाला 55 मीटर होता. एरवी त्याच्या 80 टक्के, म्हणजे 44 मीटर धरतात. आकडा घसरत असल्याने आम्ही 40 धरला. दोन मिनिटे चालणे, एक मिनिट उभ्याने विश्रांती, अशा पाच फेऱ्या. आकडा 88 च्या खाली गेला की थांबायचे. मांड्यांचे बळ गेलेले असते, म्हणून खुर्चीतून हात न टेकता आठ वेळा उठणे-बसणे जोडले. आधी वेळ वाढवली, वेग नंतर. आठ आठवड्यांनी ते 395 मीटर चालले आणि खालचा आकडा 90 राहिला. साधारण तीस मीटरपेक्षा जास्त फरक पडला तरच मी त्याला खरी सुधारणा मानतो.

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल, तर जोर करू नये. फेऱ्या निम्म्या कराव्यात आणि डॉक्टरांना कळवावे. चालताना सॅच्युरेशन घसरत नसूनही दम लागत असेल, तर कारण हृदय, स्नायू किंवा श्वास घेण्याची बिघडलेली लय यांपैकी असू शकते, आणि तपासणीची दिशा बदलते. छातीत दुखणे, चक्कर किंवा एकाच पायाला सूज असल्यास व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वडिलांचे हिमोग्लोबिन, चाललेले मीटर आणि चालतानाचा सर्वांत खालचा आकडा इथे लिहा. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली की पहिल्या आठवड्याच्या फेऱ्या त्यावरून मांडता येतील.