उंचीवर विसंबू नका, हातांचा विस्तार मोजा

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलीला स्कोलिओसिस आहे, कोन ३४ अंश. यामुळे पुढे श्वासाचा त्रास होतो का? ऑपरेशन केल्यावर फुप्फुसे पूर्ववत होतात का?

माझ्या थोरल्या बहिणीचा कणा वयाच्या सहाव्या वर्षापासून वाकत गेला आणि अडतिसाव्या वर्षी तिचा कॉब कोन, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला कण्याच्या बाकाचा कोन, १०५ अंश भरला. त्याआधीची अकरा वर्षे तिला दमा आहे असे समजून इनहेलर दिले जात होते. जिना चढताना तिला लागणारी धाप घरात सर्वांना दिसत होती, परंतु तिच्या पाठीचा आणि त्या धापेचा संबंध कोणीही जोडला नाही. याचे मला आजही वाईट वाटते.

स्कोलिओसिसमध्ये कणा केवळ बाजूला झुकत नाही, तर मणके स्वतःभोवती पिळले जातात आणि प्रत्येक मणक्याला सांध्याने जोडलेल्या बरगड्या त्यांच्याबरोबर फिरतात. बाक ज्या बाजूला बाहेर येतो तिथल्या बरगड्या मागे ढकलल्या जाऊन एकमेकींपासून फाकतात. पुढे वाकल्यावर दिसणारा उंचवटा तोच. दुसऱ्या बाजूच्या बरगड्या दाटीवाटीने एकमेकींवर येतात. निरोगी छातीत श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात, तर वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या उरोस्थीला पुढे आणि वर नेतात. पिळलेल्या पिंजऱ्यात सांध्यांचा आसच बदललेला असतो. फाकलेल्या बरगड्या आधीच ताणलेल्या असतात, दाटलेल्यांना हलायला जागा नसते आणि बरगड्यांमधल्या स्नायूंची खेच तिरकी पडते. फुप्फुस निरोगी असूनही ताठ पिंजरा त्याला पुरते फुलू देत नाही. शरीर मग उथळ आणि भराभर श्वास घेते. अशा श्वासातला मोठा वाटा श्वासनलिकांमध्येच राहून वाया जातो.

दम्यात नळ्या आकसतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ताईच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोराने फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीत, पूर्ण श्वास १.२ लिटर होता आणि त्यातला पहिल्या सेकंदात बाहेर आलेला भाग १ लिटर, म्हणजे सुमारे ८३ टक्के. नळ्या मोकळ्या होत्या, भांडेच लहान होते. इनहेलरने त्या भांड्यात काहीच फरक पडणार नव्हता.

अहवालात मात्र “अपेक्षेच्या ६० टक्के, मध्यम घट” असे लिहिले होते, आणि भावोजी म्हणाले, “ती बुटकीच आहे, तिची फुप्फुसे लहान असणारच.” या वाक्यावरून आमचा वाद वर्षभर चालला. यंत्र अपेक्षित आकडा वय, लिंग आणि उंचीवरून काढते. ताईची उभी उंची १३८ सेंटिमीटर होती, परंतु तिचे हात-पाय बुटक्या माणसाचे नव्हते. कण्याच्या वळणात तिची उंची हरवली होती. म्हणूनच अशा रुग्णांत उंचीऐवजी आडव्या पसरलेल्या हातांचे मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर धरतात. तिचे ते अंतर १५४ सेंटिमीटर भरले. अपेक्षित आकडा २ लिटरवरून २.६ लिटरवर गेला आणि तोच १.२ लिटरचा श्वास ६० ऐवजी ४६ टक्के ठरला. भावोजींचे म्हणणे चूक होते, आणि चाचणीच्या खोलीत टेप घेऊन कोणी उभे राहिले असते तर ते पहिल्याच वर्षी कळले असते.

त्या आकड्यामुळेच डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारले. स्वप्नांच्या झोपेत बरगड्यांमधले स्नायू शिथिल पडतात आणि श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. ताईच्या रक्तात रात्री कार्बन डायऑक्साइड साचत होता. सकाळी उठताच दुखणारे डोके ही त्याचीच खूण होती. अशा वेळी नुसता ऑक्सिजन लावल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. तिला रात्री बायपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र, लावल्यावर डोकेदुखी थांबली.

तुमच्या मुलीची स्थिती अशी नाही, हे मी आधीच सांगायला हवे होते. ३४ अंशांवर श्वासाचा त्रास सहसा नसतो. तो बहुधा ९०-१०० अंशांच्या आसपास जाणवू लागतो. खरा धोका लहानपणी, फुप्फुसातली वायुकोष्ठे वाढत असतानाच सुरू होणाऱ्या बाकाचा असतो. परंतु पाठीतला बाक ५० अंशांपुढे गेल्यास वाढ संपल्यावरही तो वर्षाला सुमारे एक अंश सरकू शकतो. ऑपरेशनने मुख्यतः ही सरकण थांबते. गमावलेली क्षमता पूर्ण परत मिळेल असे धरू नये. बाक वाढू नये म्हणून पाठीला ब्रेस लावायचा की नाही, हे तिची वाढ किती उरली आहे यावर ठरेल आणि ते तिच्या अस्थितज्ज्ञांनीच सांगावे. कणा वाकडा असलेल्याला दमाही असू शकतो, म्हणून चालू इनहेलर स्वतःहून बंद करू नये.

स्पायरोमेट्रीला जाल तेव्हा मुलीला भिंतीला टेकून हात पसरायला सांगा, अंतर स्वतः मोजा आणि फॉर्मवर उंचीच्या शेजारी ते लिहून घ्या.