दुबार कस्टमर आयडी एकत्र केल्याने शाखेचा एनपीए वाढला, तर शाखाधिकाऱ्यांना काय लिहावं?

*प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात एमआयएस बघते. सप्टेंबरमध्ये दुबार कस्टमर आयडी एकत्र केले आणि एका शाखेचा एनपीए ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेला. शाखाधिकारी म्हणतात, आमचं एकही मोठं खातं घसरलं नाही. त्यांना ईमेलमध्ये नेमकं काय लिहू?*

शाखाधिकाऱ्यांचं म्हणणं बहुधा खरं असतं, आणि तुमच्या ईमेलने आधी ते मान्य करायला हवं. एनपीए खात्यावर ठरत नाही, कर्जदारावर ठरतो. एका कर्जदाराचं एक खातं ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की त्याची बाकीची कर्जखातीही, हप्ते वेळेवर येत असले तरी, एनपीए धरावी लागतात. एका माणसाचे दोन आयडी असतील तर सीबीएसला ते दोन कर्जदार वाटतात. जुन्या आयडीत नुसती आद्याक्षरं आणि पॅनचा रकाना रिकामा, नव्या आयडीत पूर्ण नाव आणि पॅन, असं बऱ्याचदा सापडतं. वैयक्तिक कर्ज एका आयडीवर एनपीए होतं आणि दुसऱ्या आयडीवरचं गृहकर्ज नियमित दिसत राहतं. आयडी एकत्र केले की त्याच दिवशीच्या डे-एंडला गृहकर्जही एनपीएत जातं.

घोळ होतो तो इथे. सीबीएसचा घसरणीचा अहवाल या खात्यांना सप्टेंबरची नवी घसरण म्हणून दाखवतो. तो अहवाल तसाच ईमेलला जोडला तर शाखेने महिनाभर केलेली वसुली त्याखाली दबून जाते. म्हणून ऑगस्टचा आकडा दुरुस्तीनंतर किती झाला असता ते आधी काढा आणि सप्टेंबरची तुलना त्याच्याशी करा.

हे काढताना एक काळजी घ्या. आयडी दुरुस्तीमुळे आत आलेल्या खात्यांची बाकी ऑगस्टअखेरची घ्या, सप्टेंबरअखेरची घेऊ नका. समजा कॅश क्रेडिटची बाकी ऑगस्टअखेर २२.७५ लाख होती आणि सप्टेंबरअखेर २२.१० लाख झाली. दुरुस्तीच्या ओळीत २२.७५ येतात आणि मधले ०.६५ लाख वसुलीच्या ओळीत जातात. सप्टेंबरची बाकी घेतलीत तर शाखेची तेवढी वसुली दुरुस्तीत गडप होते आणि आकडे शेवटपर्यंत जुळत नाहीत.

ईमेलचा मजकूर असा ठेवता येईल. आकडे उदाहरणादाखल आहेत.

विषय : सप्टेंबरअखेर एनपीए १७४.०० लाख : आयडी दुरुस्तीचा परिणाम ४८.५० लाख

मा. शाखाधिकारी,
स. न. वि. वि.

सप्टेंबरअखेर आपल्या शाखेचा ढोबळ एनपीए १७४.०० लाख (४.०० टक्के) आहे. ऑगस्टअखेर आम्ही कळवलेला आकडा १२७.८० लाख (३.०० टक्के) होता. ही वाढ सप्टेंबरमधल्या थकबाकीमुळे झालेली नाही. १८ सप्टेंबरला तीन कर्जदारांचे दुबार आयडी एकत्र केले, त्यामुळे त्यांची आजवर नियमित दिसणारी खाती एनपीएत आली.

ऑगस्टअखेर कळवलेला एनपीए : १२७.८० लाख
आयडी दुरुस्तीमुळे आलेली तीन खाती (गृहकर्ज १८.४०, कॅश क्रेडिट २२.७५, वाहन कर्ज ७.३५) : अधिक ४८.५० लाख
दुरुस्त ऑगस्टअखेर : १७६.३० लाख (४.१४ टक्के)
सप्टेंबरमधली नवी घसरण : अधिक ९.२० लाख
वसुली : वजा ६.०० लाख
नियमित झालेली खाती : वजा ५.५० लाख
सप्टेंबरअखेर : १७४.०० लाख

म्हणजे सप्टेंबरमध्ये शाखेचा एनपीए प्रत्यक्षात २.३० लाखांनी कमी झाला आहे. ऑगस्टचा पूर्वी पाठवलेला अहवाल आम्ही बदललेला नाही. दुरुस्त आकडा फक्त तुलनेसाठी काढला आहे.

या तीन खात्यांवर नावे टाकलेलं पण वसूल न झालेलं व्याज उत्पन्नातून उलटवलं आहे. त्यामुळे सप्टेंबरचं व्याज उत्पन्नही तेवढ्याने कमी दिसेल. प्रत्यक्ष जमा झालेल्या व्याजाला हात लावलेला नाही.

तिन्ही कर्जदारांची खातेनिहाय यादी सोबत जोडली आहे. यातले कोणी वेगवेगळ्या व्यक्ती आहेत असं आपल्याला वाटत असेल, तर दोन्ही केवायसी फाइलींच्या प्रती शुक्रवारपर्यंत पाठवाव्यात.

कळावे.

मजकूर एवढाच पुरे. ‘तांत्रिक कारणामुळे’ किंवा ‘सिस्टीममध्ये बदल झाल्याने’ असं कुठेही लिहू नका. ते वाचलं की शाखाधिकाऱ्यांना वाटतं, पुढच्या महिन्यात आकडा आपोआप खाली येईल. तो येणार नाही. दुरुस्त आकडाच खरा आहे, आधीचा कमी होता.

जोडलेल्या यादीवर मात्र मेहनत घ्या, शाखेला खरा उपयोग तिचाच आहे. प्रत्येक कर्जदारापुढे त्याची सगळी कर्जखाती, प्रत्येकाची बाकी आणि प्रत्येकाची थकबाकी लिहा. गृहकर्जवाल्याचं उदाहरण घ्या. गृहकर्ज १८.४० लाख, थकबाकी शून्य. वैयक्तिक कर्जाची बाकी २.१० लाख, मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी ६४,००० रुपये. हे ६४,००० रुपये आणि भरण्याच्या दिवसापर्यंत आणखी जे देणं झालं असेल ते पूर्ण भरलं, तर दोन्ही खाती मिळून २०.५० लाख पुन्हा नियमित होतात. अर्धे भरले तर काहीच हलत नाही, कारण सगळ्या खात्यांवरची मुद्दल-व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित करता येत नाही. ही ओळ वाचून वसुली अधिकारी त्याच दिवशी फोन उचलतो.

पाठवण्याआधी यादीतल्या दोन गोष्टी स्वतः तपासा. पहिली एनपीएची तारीख. आयडी एकत्र केल्यावर काही वेळा सिस्टीम नव्याने आलेल्या खात्याला एकत्रीकरणाची तारीख लावते. ती त्या कर्जदाराच्या आधीच्या एनपीए खात्याचीच हवी, कारण संशयित वर्गात जायचे १२ महिने तिथून मोजले जातात. दुसरी गोष्ट ठेव तारण कर्ज. बँकेतल्याच मुदत ठेवीवरचं कर्ज असेल आणि ठेवीत पुरेसा मार्जिन असेल, तर ते कर्जदाराबरोबर एनपीएत ओढायचं नसतं. सिस्टीमने ते ओढलं असेल तर शाखाधिकाऱ्यांच्या ते पहिल्याच नजरेत भरेल, आणि मग बाकीच्या बरोबर आकड्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

उत्तरात ‘ही दोन वेगळी माणसं आहेत’ असं आलं तर ते गांभीर्याने घ्या. मोबाइल नंबर आणि पत्ता जुळला म्हणून बाप-लेकाचे आयडी एकत्र झालेले असू शकतात. पॅन आणि जन्मतारीख दोन्ही जुळल्याशिवाय एकत्रीकरण पक्कं धरू नका. चूक निघाली तर आयडी वेगळे करून घ्या, आणि वरच्या हिशोबातली ४८.५० ची ओळ बदलून तोच ईमेल ‘सुधारित’ म्हणून पुन्हा पाठवा. पण माणूस एकच आहे आणि शाखेला फक्त टक्का खाली हवा आहे, अशा वेळी आयडी पुन्हा वेगळे करायची विनंती आली, तर ती तोंडी निकालात काढू नका. कम्प्लायन्स अधिकाऱ्यांना प्रत ठेवून लेखी नकार कळवा.