चाकाचा नट दोन फेरे सुटून अडकला, तर हब कसे वाचवावे?

प्रश्न : मागच्या चाकाचे तीन नट सुटले. चौथा दोन फेरे सुटला आणि करकरत घट्ट होत गेला. पान्याला पाइप लावून जोर द्यावा का? हबला काही होईल का?

जोर देण्याची वेळ येईल, पण ती आत्ता नाही. आधी नेमके काय अडकले आहे ते ओळखावे लागते.

गंजलेला नट आणि आटे फाटलेला नट हातालाच वेगळे जाणवतात. गंजलेला नट सुरुवातीला अजिबात हलत नाही, मग एकदा 'कट्' असा आवाज करून सुटतो आणि त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला हलका होत जातो. तुमचा नट मात्र आधी सुटला आणि मग जड होत गेला, म्हणजे बहुधा मागच्या वेळी तो तिरका चढवला गेला आहे. झटक्यांनी नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनच्या तोंडात नट धरून तो थेट स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांड्यावर, चालवला, की असे सहज होते. नट किंचित कलता असला तरी गनला ते कळत नाही, आणि ती नव्या मार्गाने आटे कापत त्याला आत ढकलते. आता तो बाहेर येताना फाटलेल्या धातूचे पापुद्रे आट्यांमध्ये गुंडाळले जात आहेत. गंजावरचे तेल इथे घर्षण थोडे कमी करील, पण अडथळा गंजाचा नसल्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

सर्वप्रथम सुटलेले तीन नट पुन्हा हाताने चढवून नीट आवळावेत, गाडी जमिनीवरच ठेवावी आणि इतर चाकांना अडणी लावावीत. एका नटावर लोंबणारे चाक आणि त्याच नटावर पाइपाचा जोर, हे कधीही एकत्र येऊ देऊ नये. नंतर स्टडचे टोक दिसत असेल, तर टोकावरून नटाच्या कडेपर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरवल्यावर ती रेघ तुटली, म्हणजे नट स्टडवर फिरतो आहे. रेघ अखंड राहून दोन्ही भाग एकत्र फिरले, तर स्टड हबमध्येच फिरू लागला आहे. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण स्टडच्या मानेवर उभ्या खाचा असतात आणि त्या हबच्या भोकात दाबून बसवलेल्या असतात. स्टड फिरला, की त्या खाचा भोक खरवडून मोठे करतात. हब खराब होते ते असे. नुसता स्टड तुटल्याने हबचे काहीच बिघडत नाही. (टोपीबंद नट असेल आणि टोक दिसत नसेल, तर मागून स्टडच्या डोक्यावर खूण करता येते.)

रेघ तुटत असेल, तर अर्धा तास संयमाने प्रयत्न करावा. सहा कडांचे, नटावर घट्ट बसणारे सॉकेट आणि लांब दांडा घ्यावा, उघड्या आट्यांवर तेल सोडावे, नट अर्धा फेरा आत न्यावा आणि पाव फेरा जास्त बाहेर आणावा. आत नेताना पापुद्रे मोडतात आणि बाहेर येताना त्यांतले काही तेलाबरोबर निघून येतात. प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा थोडे पुढे जाता आले, तर नट असाच सुटू शकतो. तीन-चार वेळा करूनही तो त्याच जागी तितकाच जड राहिला, किंवा हात लावल्यावर चटका बसेल इतका तापला, तर थांबावे. यापुढे स्टड वाचवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तिरक्या नटाखालून निघालेला स्टड तसाही पुन्हा वापरण्याच्या लायकीचा क्वचितच असतो.

पाइपाची वेळ आता आली. सुटण्याच्या दिशेनेच, झटके न देता, वाढत जाणारा सलग जोर द्यावा आणि स्टड तुटू द्यावा. पुष्कळदा तो नटाच्या तोंडाशी पिळवटून तुटतो. मात्र जोर देताना दुसऱ्या कोणाला तरी स्टडच्या टोकावर किंवा डोक्यावर लक्ष ठेवायला सांगावे, आणि स्टड हबमध्ये फिरतो आहे असे दिसताच त्या क्षणी पाना सोडावा. मग नटच फोडावा लागतो. साध्या लोखंडी रिमवर नट उघडा असल्याने नट फोडण्याचे अवजार किंवा धारदार छिन्नी चालते. अलॉय रिमवर नट खोल खळग्यात असतो, तिथे छिन्नी रिमलाच लागते. अशा वेळी स्टडच्या टोकाच्या नेमक्या मध्यावर पंच मारून आधी 4, मग 8 आणि शेवटी साधारण 10.5 मिलिमीटरच्या ड्रिलने स्टड पोखरावा. 12 मिलिमीटरच्या स्टडमध्ये त्यानंतर आट्यांची पातळ साल तेवढी उरते आणि नट सुटा होतो. भोक नटाच्या उंचीइतकेच खोल असावे, हबपर्यंत पोहोचू नये.

ज्योत लावून नट तापवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, पण चाकाच्या बाबतीत मी तो मानत नाही. मागे बेअरिंगचे ग्रीस, रबरी सील आणि एबीएसचा सेन्सर असतो, आणि शेजारचे स्टड तापले तर त्यांचे उष्मासंस्करण बिघडून ते मऊ पडतात.

इथे एक सावधगिरी. काही गाड्यांना स्टड नसतात, चाक थेट हबमध्ये जाणाऱ्या बोल्टांनी आवळलेले असते. त्या गाड्यांत आटे हबमध्येच असल्यामुळे बोल्ट जाणूनबुजून तोडण्याची ही रीत अजिबात वापरू नये.

तुटलेला स्टड काढताना मी एकदा जी चूक केली ती सांगतो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट असाच एका गॅरेजमध्ये गनने तिरका चढवलेला होता, आणि स्टड तुटल्यावर मी हातोडा घेऊन उरलेला तुकडा मागे ठोकला. चार घावांत तो निघाला आणि मी स्वतःवर खूश झालो. काही आठवड्यांनी त्या बाजूने साधारण ताशी 60 किलोमीटरच्या वेगाला घूं-घूं असा आवाज येऊ लागला, आणि वळणावर गाडी एका बाजूला झुकली की तो कमीजास्त होई. बेअरिंग उघडल्यावर कडीच्या गुळगुळीत मार्गावर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे दिसले. माझा प्रत्येक घाव गोळ्यांमधून त्या मार्गावर उमटला होता. स्टड स्वस्तात आला, पण बेअरिंगसह सगळे हब बदलावे लागले.

म्हणून तुकडा ठोकून नव्हे, तर दाबून काढावा. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी, चाक काढावे, ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने टांगावा (होजवर लोंबू देऊ नये) आणि डिस्क किंवा ड्रम बाजूला करावा. मग हब फिरवत फिरवत तुटलेला स्टड अशा जागी आणावा, जिथे त्याच्या मागे बाहेर पडण्यापुरती मोकळी जागा आहे. बहुतेक हबना अशी एखादी जागा सापडते. बॉल जॉइंट काढण्याचा पुलर किंवा भक्कम सी-क्लॅम्प लावून त्याचा स्क्रू स्टडच्या टोकावर आवळला, की स्टड एका टणत्काराने सुटतो. मागे जागाच नसेल, तर नव्या स्टडचे डोके घासून तो आत घुसवण्याचा उद्योग करू नये, हब खोलूनच काम करावे.

नवा स्टड घेताना जुना सोबत न्यावा. आट्यांचा व्यास आणि अंतर जुळणे एवढे पुरेसे नसते. 12 मिलिमीटर व्यास आणि 1.5 मिलिमीटर अंतराचे स्टड अनेक गाड्यांना लागतात, पण खाचांच्या मानेचा व्यास गाडीगणिक बदलतो, आणि पकड त्या मानेचीच असते. लांबीही मोजावी. नट मात्र न चुकता नवा घ्यावा, कारण फाटलेले आटे असलेला जुना नट नव्या स्टडचीही तीच गत करतो.

स्टड मागून भोकात घालून बोटांनी हळूहळू फिरवावा, त्याच्या खाचा जुन्या खाचांत अलगद उतरल्याचे जाणवते. पुढच्या बाजूने तीन-चार जाड वॉशर घालावेत, वॉशरांच्या मधे थोडे ग्रीस लावावे आणि त्यावर एक साधा नट सपाट बाजू आतल्या दिशेने ठेवून हातपान्याने आवळत जावे. गन वापरू नये, आणि चाक लावून चाकाच्या नटानेच स्टड ओढून घेऊ नये, कारण त्यात रिमची शंकूची बैठक आणि नवे आटे दोन्ही खराब होतात. स्टड सरकत असताना पान्याला एकसारखा विरोध लागतो आणि डोके टेकले की तो एकदम वाढतो. तिथेच थांबावे. मग मागून पाहावे. डोके हबला सगळीकडून टेकलेले असले पाहिजे, त्याखाली कागदाची कडही शिरता कामा नये. ते अर्धवट बसले, तर चाक आवळल्यावर आज घट्ट लागेल, पण गाडी चालता चालता डोके मागे टेकेल आणि नट आपोआप ढिला होईल.

स्टड नुसत्या हाताने डोक्यापर्यंत आत गेला, तर भोक मोठे झाले आहे. त्या हबसाठी जाड मानेचा स्टड मिळत असेल तर तो बसवावा, नाहीतर हब बदलावे. स्टडचे डोके मागून वेल्ड करणे हा उपाय नव्हे. त्या उष्णतेने स्टड कमजोर होतो आणि हबची थाळीही वाकू शकते.

चाक लावताना सर्व स्टड आणि नटांवरचे तेल पुसून टाकावे. बहुतेक गाड्यांना सांगितलेला टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा पिळाचा जोर, कोरड्या आट्यांसाठी असतो, आणि तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला नको इतका ताणतो. नट स्टडवर ठेवून आधी उलटा फिरवावा. आट्याचे तोंड तोंडाला आले की बोटांना बारीकसा 'टक्' जाणवतो, तिथून पुढे सुलटा फिरवावा. (काही जुन्या गाड्यांच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, तिथे हे सगळे उलट करावे.) किमान पाच-सहा फेरे नुसत्या बोटांनी जाईपर्यंत पाना हाती घेऊ नये. दुसऱ्याच फेऱ्याला नट अडला, तर तो काढून पुन्हा सुरुवात करावी. त्यानंतर समोरासमोरचे नट आलटून पालटून, टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. 12 मिलिमीटरच्या स्टडच्या पुष्कळ गाड्यांना तो 100 ते 120 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. साधारण 50 ते 80 किलोमीटर चालवल्यावर, चाक थंड असताना, चारही नट त्याच टॉर्कवर तपासावेत. तेव्हा फक्त नव्या स्टडवरचाच नट पुन्हा किंचित फिरला, तर चाक उतरवून त्या स्टडचे डोके मागून परत एकदा पाहावे.