स्टार्टअप बंद करतानाची पोस्ट: वाक्यातला कर्ता शोधा

प्रश्न: नाशिकमधलं आमचं स्टार्टअप महिनाअखेरीस बंद करतोय. बंदची पोस्ट लिहिली, पण वाचताना मलाच ती खोटी वाटते. साथ दिलेल्यांचे आभार मानायचेत आणि खरं कारणही सांगायचंय. कशी सुधारू?

उत्तर:

खोटी वाटते ती क्रियापदांमुळे. कच्चा मजकूर समोर घ्या आणि प्रत्येक वाक्यात कोणी काय केलं ते शोधा. "अपेक्षित प्रतिसाद मिळू शकला नाही." "परिस्थिती अनुकूल राहिली नाही." "जड अंतःकरणाने निर्णय घ्यावा लागला." यात माणूसच सापडत नाही. प्रतिसाद मिळत नाही, परिस्थिती राहत नाही, निर्णय घ्यावा लागतो. ज्यांनी इतकी वर्षं सगळे निर्णय घेतले ते संस्थापक एकदम शेवटच्या ओळीत, आभार मानायला उगवतात.

"प्रतिसाद मिळाला नाही" हे वाक्य तर मी दिसेल तिथे खोडतो. ते वाचतं कोण? आठवड्यातून दोनदा ऑर्डर देणारं गिऱ्हाईक. त्याने प्रतिसाद दिला होता. तुम्ही त्याला सांगताय की तुझ्यामुळे बंद पडलं, आणि खालच्याच ओळीत त्याचे आभार मानताय.

असा एक मजकूर मी दुरुस्त केला होता, तोच घेऊन सांगतो. धंदा घरपोच भाजीचा. दिंडोरी आणि निफाडच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि सकाळी शहरात घरोघरी पोचवायचा. मूळ परिच्छेद असा होता:

"बाजारातील तीव्र स्पर्धा, वाढता वाहतूक खर्च आणि ग्राहकांच्या बदलत्या सवयी यांमुळे आम्हाला अपेक्षित यश मिळू शकले नाही. या प्रवासात ज्ञात-अज्ञात अशा सर्व हितचिंतकांनी केलेल्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत."

हा मजकूर चपलांच्या दुकानालाही चालेल. म्हणून लिहिणं बाजूला ठेवून आधी एका ऑर्डरचा हिशेब मांडायला लावला. सरासरी बिल ३४० रुपये. शेतकऱ्याचे पैसे आणि खराब माल वजा करून हातात राहत ७५ रुपये. त्यातून पॅकिंगचे ९, ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च ७, सवलतीचे २५. डिलिव्हरीच्या मुलाचा एका पाळीचा खर्च पेट्रोलसकट ४३० रुपये, आणि तो पाळीत सरासरी ९ ऑर्डरी पोचवायचा, म्हणजे ऑर्डरमागे ४८ रुपये. एकूण खर्च ८९. प्रत्येक पिशवीमागे १४ रुपये खिशातून जात होते, आणि यात ऑफिसचं भाडं, पगार धरलेलेच नाहीत.

आता खरा प्रश्न: फक्त ९ ऑर्डरी का? तोच मुलगा त्याच पाळीत १६ घरं करू शकला असता तर पोचवण्याचा खर्च २७ वर आला असता आणि ऑर्डरमागे ७ रुपये उरले असते. पण १६ घरं जवळजवळ हवीत. यांनी पहिल्याच वर्षी इंदिरानगर, गंगापूर रोड, सिडको आणि नाशिकरोड असे चारही भाग उघडले. मुलगा निम्मा वेळ दोन घरांमधल्या रस्त्यावर. "वाढता वाहतूक खर्च" म्हणजे हे. पेट्रोलच्या भावाचा संबंध थोडका, नकाशाचा जास्त, आणि नकाशा यांनीच आखला होता.

हे कळल्यावर परिच्छेद पाच मिनिटांत लिहून झाला:

"प्रत्येक ऑर्डरमागे आम्हाला साधारण १४ रुपये तोटा होत होता. एकाच भागात दाट ऑर्डरी जमवायच्या आधी आम्ही चार भागांत सेवा सुरू केली. तो निर्णय आमचा होता. चूक लक्षात आल्यावर आम्ही दोन भाग बंद करायला हवे होते. त्याऐवजी ऑर्डरी वाढाव्यात म्हणून सवलत वाढवली आणि तोटाही वाढला. आता उरलेल्या पैशांत सगळ्यांची देणी फिटतात. आणखी दोन महिने चालवलं तर फिटणार नाहीत. म्हणून आत्ताच थांबतोय."

शेवटची तीन वाक्यं नीट बघा. बहुतेक पोस्टींमध्ये का बंद पडलं एवढंच असतं, आजच का हे नसतं. शेतकऱ्याला आणि कामगाराला आजच का हेच जास्त जाणून घ्यायचं असतं, कारण त्याचे पैसे त्यात असतात.

कारण खरं आहे का ते तपासायची माझी पद्धत सोपी आहे. ते वाक्य तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या पोस्टमध्ये जसंच्या तसं बसतं का बघा. बसलं तर अजून कारण सापडलेलं नाही. दुसरं, ज्याने रोजचं काम केलं त्याला, म्हणजे गोदाम सांभाळणाऱ्याला किंवा डिलिव्हरीच्या मुलाला वाचायला द्या. तो हसला तर खोडा. आणि दोन संस्थापकांचं कारणावर एकमत नसेल तर दोघांना मान्य असलेला आकडा आणि दोघांना मान्य असलेला निर्णय, एवढंच लिहा. भागीदाराने काय करायला नको होतं हे पोस्टमध्ये येता कामा नये. खरेपणा म्हणजे घरचं भांडण चव्हाट्यावर आणणं नव्हे.

आता आभार. "ज्ञात-अज्ञात" हा शब्द स्मरणिकेच्या शेवटच्या पानासाठी ठेवा. आभार कृतीचे माना: "पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे खेळतं भांडवल नव्हतं तेव्हा दिंडोरीच्या अकरा शेतकऱ्यांनी सात दिवसांच्या उधारीवर माल दिला." "सकाळी पाचला गोदाम उघडणाऱ्या तिघींमुळे सातची गाडी कधी चुकली नाही." अशी तीन-चार वाक्यं पुरतात. नावं घालायची तर आधी विचारा. आपण बंद पडलेल्या धंद्याला माल देत होतो हे गावात सगळ्यांना कळावं असं प्रत्येकाला वाटत नाही. पैसे गुंतवणाऱ्याचं नाव आणि रक्कम तर विचारल्याशिवाय नकोच. गुंतवणुकीच्या करारात बहुधा गोपनीयतेचं कलम असतं, ते काढून वाचा.

पण एक गोष्ट आभारांच्या आधी. ज्याची पट्टी, म्हणजे दिलेल्या मालाचे पैसे, बाकी आहे त्याचे आभार मानू नका, आधी पट्टी भागवा. लगेच जमत नसेल तर तारीख लिहा. त्या पोस्टमध्ये मी आभारांच्या वर हे घातलं: "शेतकऱ्यांची सर्व बाकी १० तारखेपर्यंत बँकेत जमा होईल. ॲपच्या वॉलेटमधली रक्कम ज्या खात्यातून आली तिथे १५ तारखेपर्यंत परत जाईल. तुम्हाला काही करावं लागणार नाही. शेवटची डिलिव्हरी शनिवारी." मूळ मजकुरात वॉलेटचा उल्लेखच नव्हता. आभाराची पोस्ट टाकली असती तर खाली पहिलाच प्रश्न तोच आला असता, आणि मग सगळी पोस्ट त्या प्रश्नाखाली गाडली गेली असती.

क्रम सांगतो, कारण गडबड इथेच होते. कामावरच्या लोकांना समोर बसवून सांगायचं, पगाराच्या आकड्यासह. मग शेतकऱ्यांना फोन. मेसेज नव्हे, फोन. मग गिऱ्हाइकांना मेसेज. पोस्ट सगळ्यात शेवटी, त्याच दिवशी संध्याकाळी. मध्ये दोन दिवस गेले की बातमी बाजार समितीत आधी पोचते, आणि ती "पळाले" अशी पोचते. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. इंग्रजी पोस्टमध्ये "बाजाराची परिस्थिती" आणि मराठीत "आमचा निर्णय" अशी दोन कारणं दिलीत तर कोणीतरी दोन्ही शेजारी लावून फिरवणारच.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर "कंपनी बंद केली" असं लिहू नका, "सेवा बंद करत आहोत" लिहा. दोन्हींत फरक आहे. कंपनीचं नाव निबंधकाच्या नोंदवहीतून काढायला कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली एसटीके-२ हा अर्ज करावा लागतो. त्याआधी सगळी देणी फिटलेली लागतात, आणि अर्जाचा नेहमीचा आधार म्हणजे मागची दोन आर्थिक वर्षं कंपनीने धंदा केलेला नसणे. म्हणजे पोस्ट टाकाल त्या दिवशी, आणि त्यानंतरही बराच काळ, कंपनी कागदावर जिवंत असते आणि तिची वार्षिक विवरणपत्रं भरावीच लागतात. नाव निघाल्यावरही संचालकांची जबाबदारी कलमाप्रमाणे शिल्लक राहते. "आता आमचा काही संबंध नाही" असं वाक्य म्हणून नको. देणी फिटणारच नसतील, कोणी नोटीस धाडली असेल किंवा चेक परत गेला असेल, तर वरचं सगळं विसरा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कारणाचा परिच्छेद टाकू नका. तुम्ही लिहिलेला आकडा उद्या तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

आकड्यांवरून माझं एका जुन्या भागीदाराशी वाजलं होतं. त्याचं म्हणणं, तोट्याचा आकडा लिहिला की पुढच्या धंद्याला कोणी पैसे देणार नाही. "काही अपरिहार्य कारणास्तव" पुरे. मी तेव्हा ऐकलं आणि आजही मला ते चुकीचं वाटतं. पैसे देणाऱ्याकडे तुमचा ताळेबंद आधीच असतो. "अपरिहार्य कारणास्तव" त्याच्यापासून काही लपवत नाही, फक्त त्याला सांगतं की यांना अजून कारण कळलेलं नाही. १४ रुपये आणि चार भाग लिहिणाऱ्याला ते कळलेलं असतं. माझा भागीदार हे वाचत असेल तर वाचू दे.

शेवटचं काम: पोस्टमध्ये एक फोन नंबर द्या आणि तो किमान तीन महिने सुरू ठेवा. ऑफिसची जोडणी तोडताना तेच सिम बंद पडतं, हे मी पाहिलंय. ते घरातल्या कुणाच्या तरी फोनमध्ये घाला आणि रिचार्जची तारीख लिहून ठेवा.