आधी एका पार्सलचा हिशेब, मग कॅटलॉग

"मॅडम, मी कराडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करून ओळखीच्यांना ६०० रुपये किलोनं विकते. साहित्य आणि कांडप धरून तिला किलोमागे ४३० रुपये पडतात. यंदाचा १० किलो शिल्लक आहे. तो मला व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईला विकायचा आहे. घरून १५,००० रुपये मिळतील. बाबा म्हणतात, आधी डिग्री पूर्ण कर. कॅटलॉग कसा करू, ऑर्डरी कशा सांभाळू आणि पैसे कशावर खर्च करू?"

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका आकड्यातून निघतात. एक पार्सल घराबाहेर पडलं की हातात किती उरतं, हा तो आकडा. तो काढल्याशिवाय कॅटलॉगमध्ये किंमत लिहू नकोस.

सुरुवात वजनापासून कर. कुरिअरचा दर वजनाच्या टप्प्यांनी ठरतो आणि पहिला टप्पा बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमचा असतो. तू अर्ध्या किलोचं पाकीट केलंस तर पिशवी, खोका आणि चिकटपट्टी धरून पार्सल साडेपाचशेच्या पुढं जाईल आणि दर पुढच्या टप्प्याचा लागेल. ४०० ग्रॅमचं पाकीट केलंस तर सगळं मिळून साधारण ४६५ ग्रॅम भरतं. दोन पाकिटं एका खोक्यात घातली तरी किलोच्या आत राहतात. तेव्हा पाकीट ४०० ग्रॅमचंच ठेव. खोकाही बेताचा घे, कारण हलकं पण मोठं पार्सल असेल तर कुरिअरवाले मापावरून वजन धरतात.

आता पैसे बघ. ४०० ग्रॅम मसाल्याचे १७२ रुपये. पाकीट आणि लेबल १४, खोका आणि चिकटपट्टी १४. झाले २००. कुरिअरला पहिल्या टप्प्याचे ७० आणि किलोपर्यंतचे १०० रुपये धरू. खरा दर कराडातल्या दोन-तीन कुरिअरवाल्यांकडे आणि पोस्टात विचारून इथं घाल. आईच्या आत्ताच्या भावानं हे पाकीट २४० ला जातं. त्यात "घरपोच मोफत" लिहिलंस तर खर्च होतो २७०, म्हणजे प्रत्येक पाकिटामागे ३० रुपये घरचे गेले. अशा वेळी ऑर्डरी जितक्या जास्त, तितका खड्डा मोठा. फोन दिवसभर वाजत असतो, म्हणून हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

माझ्या हिशेबानं पाकिटाची किंमत ३२० ठेव आणि कुरिअरचे पैसे वेगळे घे. ३२० मधून २०० गेले की १२० राहतात. त्यातले ४० आईच्या आणि तुझ्या कष्टाचे बाजूला काढ आणि १५ फुटलेल्या-हरवलेल्या पार्सलांसाठी ठेव. उरले ६५. दोन पाकिटांच्या पार्सलला खोका एकच लागतो, म्हणून तिथं १४४ उरतात. म्हणजे तुझा खरा धंदा दोन पाकिटांच्या पार्सलात आहे आणि कॅटलॉगही त्याच बेतानं मांडायला हवा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे. त्यासाठी वेगळं सिम घे, घरच्या नंबरावर हे सुरू करू नकोस. कॅटलॉगमध्ये तीनच वस्तू ठेव: दोन पाकिटांचा जोड, एक पाकीट आणि "घरून नेणाऱ्यांसाठी १ किलो". ही तिसरी वस्तू आईच्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी आहे. ३२० चं पाकीट बघून "आम्हालाही भाव वाढवलात का?" असं त्यांना वाटायला नको. त्यांचा ६०० चाच भाव तिथं लिहून टाक. प्रत्येक वस्तूला कोड दे, उदाहरणार्थ KL400 आणि KL800, म्हणजे ऑर्डर लिहिताना घोळ होत नाही.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढ. एक पाकिटाचा, एक वाटीतल्या मसाल्याचा आणि एक लेबलाच्या मागच्या बाजूचा. वर्णनात "अप्रतिम चव" लिहून कुणाला काही कळत नाही. मिरची कोणती, तिखट किती, कधी कांडला, चार माणसांच्या रश्शाला किती चमचे लागतात, हे लिही. पुण्यातली नोकरदार बाई हेच विचारणार आहे, आणि उत्तर कॅटलॉगमध्येच मिळालं तर तुझे दहा मेसेज वाचतात.

इन्स्टाग्रामवर फार वेळ घालवू नकोस. मिरच्यांचे देठ काढताना, खोबरं भाजताना, डंकावर कांडताना आईनं काढू दिलेले छोटे व्हिडिओ पुरेत. प्रोफाइलमध्ये wa.me/91 आणि पुढे तुझा दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता, असा दुवा दे. त्यावर बोट ठेवलं की गिऱ्हाईक थेट चॅटमध्ये येतं. ब्रॉडकास्टचा मेसेज तुझा नंबर ज्यांनी फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या पार्सलच्या चिठ्ठीवरच नंबर साठवायची विनंती छाप. अनोळखी लोकांना मेसेज टाकत सुटू नकोस. पुष्कळांनी तक्रार केली तर नंबर बंद होतो आणि सगळी गिऱ्हाइकं त्याच्याबरोबर जातात.

आता ऑर्डरी. गोंधळ होतो तो इथंच, आणि होतो तो ऑर्डर चॅटमध्येच राहिल्यामुळे. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या एका मुलीनं दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी अशाच घेतल्या होत्या. "ताई, मागच्यासारखंच पाठवा" असे मेसेज वर सरकत गेले. दोघांना माल दोनदा गेला आणि चौघांचा राहूनच गेला. ऑर्डर आली की त्याच क्षणी वहीत नंबर टाकून लिही: तारीख, नाव, कोड, आलेले पैसे, पाठवल्याची तारीख, कुरिअरचा पावती क्रमांक, पोचल्याची खूण. अ‍ॅपमध्ये चॅटला लेबलं लावता येतात. "पैसे बाकी", "पैसे आले", "पाठवलं" आणि "पोचलं" ही चार कर. रात्री वही आणि लेबलं जुळवून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

पत्ता मागायचा मेसेज रोज नव्यानं लिहू नकोस. क्विक रिप्लायमध्ये तो साठवून त्याला /patta असं नाव दे, म्हणजे तेवढं टाइप केलं की पूर्ण मजकूर येतो. त्यात नाव, घर क्रमांक, जवळची खूण, पिनकोड आणि फोन मागव. आलेला पत्ता गिऱ्हाइकाला परत पाठव आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्यावरच खोक्यावर लिही. पार्सलं फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी टाक, आणि हे कॅटलॉगमध्येही लिही. कॉलेज सांभाळून रोज कुरिअरच्या दुकानात जाणं तुला जमणार नाही. वारही ठरलेले असले की "कधी पाठवणार?" हा प्रश्न येत नाही.

पैसे आधी घे. माल पोचल्यावर पैसे घ्यायचे ठरवलं आणि गिऱ्हाइकानं पार्सल नाकारलं, तर जाण्याचं आणि परत येण्याचं असं दोन्ही भाडं तुझ्या अंगावर पडतं. एकाच नाकारलेल्या पार्सलात दोन चांगल्या पार्सलांची कमाई जाते. यूपीआयचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं धरू नकोस, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्यावरच "पैसे आले" हे लेबल लाव. आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे आईलाही सांगून ठेव.

पहिलं पाकीट विकण्याआधी आईच्या नावानं अन्न सुरक्षा नोंदणी कर. foscos.fssai.gov.in वर अर्ज होतो आणि घरगुती उत्पादकाला मोठा परवाना न घेता नोंदणीवर भागतं. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर आला पाहिजे. त्याबरोबर घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, शाकाहाराची हिरवी खूण, आईचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोनही हवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर मात्र एक पाकीट विकलं तरी ती लागते. बेळगाव, पणजी, बंगळूरहून विचारणा येईलच. पहिलं वर्ष त्यांना नम्रपणे नाही म्हण.

टिकण्याचं काय, हे आईला विचारून तारीख छापू नकोस. घरच्या बरणीत मसाला वर्षभर राहतो, पण पाकिटात तसाच राहील असं नाही. खोबऱ्याचं तेल सुटलं की तो खवट होतो आणि कांदा नीट वाळला नसेल तर गोळे होऊन बुरशी येते. आज पाच पाकिटं सीलबंद करून कपाटात ठेव आणि दर महिन्याला एक फोडून वास घे, हाताला ओल लागते का बघ. पहिला निकाल येईपर्यंत लेबलवर दोनच महिने लिही.

१५,००० पैकी पहिले ४,३०० आईला रोख दे. मसाला घरातलाच आहे म्हणून तो फुकट धरलास तर पुढच्या उन्हाळ्यात मिरची घ्यायला पैसे नसतील. पाकिटं, लेबलं आणि खोके एकदम घ्यावे लागतात, त्याला २,७०० धर. वैधमापन विभागाचा शिक्का असलेला वजनकाटा २,५००, हातानं चालवायचं सीलिंग मशीन १,५०० आणि सिम ३००. झाले ११,३००. उरलेल्या ३,७०० पैकी १,५०० जाहिरातीला ठेव, बाकीचे नोंदणीचं शुल्क आणि अडीअडचणीला.

जाहिरातीचे पैसे लगेच खर्च करू नकोस. तुझ्या कपाटातली पाच पाकिटं सोडली तर १० किलोतून २० पाकिटंच विकायला राहतात. ती आधी पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांच्या ओळखीतून जाऊ देत. पुढच्या घाण्यानंतर रोज १५० रुपयांची जाहिरात दहा दिवस लाव आणि ऑर्डरी मोज. १,५०० रुपयांत १२ ऑर्डरी आल्या तर ऑर्डरीमागे १२५ पडले. एका पाकिटाचे ६५ त्यात बुडतात, जोडाचे १४४ वाचवतात. म्हणून जाहिरात फक्त जोडाची कर.

बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण मसाल्याचा हंगाम आणि तुझी उन्हाळी परीक्षा एकाच वेळी येतात. त्यांना सांग की मार्च-एप्रिलमध्ये ऑर्डरी बंद राहतील, आणि त्या दोन महिन्यांसाठी तसा सुट्टीचा मेसेज अ‍ॅपमध्ये खरोखरच लावून ठेव. पहिल्या २० पाकिटांची वही त्यांच्यासमोर ठेव. दोन महिन्यांत किती जणांनी आपणहून पुन्हा मागवलं, हा आकडा त्यांना आधी दाखव. पाच-सहा जण परतले असतील तर येत्या उन्हाळ्यात आईला ३० किलो जास्त करायला सांगता येईल. एखाद-दुसराच परतला असेल तर घाणा वाढवू नकोस. ती २० पाकिटं घेणाऱ्यांना फोन करून तिखट जास्त झालं, किंमत जड वाटली की पाकीट फुटलं होतं, ते विचार आणि मग मला पुन्हा लिही.